ठरलेल्या दराचा पुरवठा करार आणि तांब्याची भाववाढ: उरलेल्या मालाचा दर वाढवून मागता येतो का?

सातपूर_पॅनेल

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आमचा वीजवाटप पॅनेल तयार करण्याचा लहान कारखाना आहे. एका खासगी कंपनीने आम्हाला १२० पॅनेलांची ऑर्डर दिली असून दरमहा १० याप्रमाणे ती पूर्ण करायची आहे. दर प्रत्येकी १,६०,००० रुपये असून तो करार संपेपर्यंत फर्म राहील आणि कोणत्याही कारणाने भाववाढ दिली जाणार नाही, असे ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. एका पॅनेलमध्ये बसबार आणि जोडण्या मिळून ६० किलो तांबे लागते. कोटेशन दिले तेव्हा बसबार ८०० रुपये किलोने मिळत होता, आज पुरवठादार १,०८० रुपये सांगतो. पहिल्या ५० पॅनेलांचे तांबे जुन्या दराने घेतलेले होते, ते संपले. ७० पॅनेल बाकी आहेत. कोटेशनमध्ये आम्ही ८ टक्के नफा धरला होता. विलंबासाठी आठवड्याला अर्धा टक्का, कमाल ५ टक्के अशी दंडाची अट आहे आणि ९,६०,००० रुपयांची बँक गॅरंटी खरेदीदाराकडे आहे. अशा वेळी कायद्याने दर वाढवून मागता येतो का, आणि येत नसेल तर काम सोडून देणे परवडेल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रोखठोक

यात विचार करण्यासारखे काही नाही. भारतीय करार कायद्याचे कलम ५६ नेमके याचसाठी आहे. करार पूर्ण करणे अशक्य झाले की तो रद्द होतो. भाव ३५ टक्क्यांनी वाढेल हे कोणालाही आधी कळणे शक्य नव्हते, म्हणजे ही फोर्स मेजर, हाताबाहेरची आपत्तीच झाली. वकिलाकडून नोटीस पाठवा आणि पुरवठा थांबवा. कंपनी आपण होऊन बोलणी करायला येईल.

कलमकारी

रोखठोक यांनी कलम बरोबर सांगितले, पण त्याचा अर्थ फार ताणला. कलम ५६ अशक्य झालेल्या कामासाठी आहे, तोट्यात गेलेल्या कामासाठी नाही, आणि हा फरक आपल्या न्यायालयांनी अनेकदा अधोरेखित केला आहे. अलोपी परशाद विरुद्ध भारत सरकार हा १९६० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तर थेट या प्रश्नाच्या जवळ जातो. लष्कराला तूप पुरविण्याचा तो करार १९३७ चा होता. पुढे महायुद्ध सुरू झाले, खर्चाची सगळी गणिते बदलली आणि एजंटांनी वाढीव मोबदला मागितला. काम अपेक्षेपेक्षा जड झाले एवढ्याने पक्षकार करारातून सुटत नाही आणि ठरलेल्या मोबदल्याच्या जागी न्यायालय दुसरा मोबदला ठरवून देत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

अलीकडचे उदाहरण २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालाचे आहे. इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातीचे नियम बदलल्याने तिथला कोळसा महागला आणि तो आणून वीज विकणाऱ्या कंपन्यांनी दर वाढवून मागितले. वाढलेली किंमत ही फोर्स मेजर नव्हे, हेच तिथेही ठरले. भारतातल्या धोरणबदलामुळे जो भार पडला तेवढ्यापुरता त्यांना दिलासा मिळाला, आणि तोही त्यांच्या करारात कायदाबदलाचे वेगळे कलम होते म्हणून.

मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे ऐन टाळेबंदीत, कोरियाहून पोलाद आणणाऱ्या आयातदारांनाही विक्रेत्याला बँकेच्या पतपत्रावर मिळणारे पैसे रोखू दिले नव्हते. महामारीत जे मिळाले नाही ते तांब्याच्या भावावर मिळेल, अशी आशा आपण धरू नये. मधल्या काळात पुरवठा थांबवलात तर करारभंग आपला ठरेल.

रस्ता_आणि_पूल

इतकी चिंता कशासाठी, हे मला कळत नाही. आमच्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांत सिमेंट, लोखंड आणि डांबर यांच्यासाठी स्टार रेट असतो, म्हणजे निविदेत दिलेल्या दरापेक्षा बाजारभाव वाढला की फरक मिळतो आणि कमी झाला की कापला जातो. आपणही बिलाबरोबर फरकाचा तक्ता जोडून द्यावा.

कलमकारी

तो फरक आपल्याला मिळतो कारण तो आपल्या निविदेतच लिहिलेला असतो. सातपूरकरांच्या ऑर्डरमध्ये नेमके उलट लिहिलेले आहे. शिवाय सरकारी खरेदीतही सगळीकडे अशी सोय नसते. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम २२५ प्रमाणे पुरवठ्याची मुदत १८ महिन्यांच्या पुढे जात असेल तरच भावफरकाचे कलम ठेवायचे आणि त्याहून छोट्या करारात दर पक्का ठेवायचा, असा दंडक आहे. बारा महिन्यांची ही ऑर्डर तिथे असती तरी त्यांना फरक मिळाला नसता.

एक गंमत मात्र नोंदवण्यासारखी आहे. मालविक्री कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे करारानंतर मालावरचा कर वाढला तर विक्रेत्याला तेवढी रक्कम किमतीत वाढवून घेता येते, फक्त करारात वेगळे ठरलेले नसावे. म्हणजे कराची वाढ कायद्याने आपोआप पुढे सरकते आणि कच्च्या मालाची सरकत नाही. ती सोय पक्षकारांनी स्वतः करून ठेवावी, असाच आपल्या कायद्याचा कल आहे.

खरेदी_खाते

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, म्हणून तिथून दिसते ते सांगतो. काम सोडण्याचा विचार करण्याआधी आपण साधा हिशोब मांडावा. एका पॅनेलमागे तांब्याचा वाढीव खर्च ६० किलो गुणिले २८० रुपये, म्हणजे १६,८०० रुपये आहे. त्यात धरलेला नफा १२,८०० रुपये होता. तो सगळा गेला असे समजले तरी खिशातून जाणारे पैसे पॅनेलमागे ४,००० रुपये आहेत, आणि ७० पॅनेलांचे २,८०,००० रुपये होतात. आता काम सोडले तर काय होईल ते पाहा. आपल्या खर्चाने दुसरीकडून माल घेण्याचा अधिकार बहुतेक ऑर्डरींत असतो आणि आजच्या बाजारात असे पॅनेल १,८०,००० रुपयांच्या खाली मिळणे कठीण आहे. ७० पॅनेलांचा फरक १४,००,००० रुपये होतो. गॅरंटी वटवून घेतली तरी ती या रकमेत वळती होईल, पण उरलेल्यासाठी मागणी येईल. शिवाय आपले नाव पुरवठादारांच्या यादीतून जाईल ते वेगळेच. नफा बुडाल्याचे दुःख आणि प्रत्यक्ष तोटा यांची गल्लत करून चांगले पुरवठादार चुकीचा निर्णय घेतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

सातपूर_पॅनेल

हिशोब असा मांडला नव्हता, त्याबद्दल आभार. पण अडीच-तीन लाखांचा रोख तोटा आणि वर सात महिने फुकट राबणे आमच्यासारख्या कारखान्याला लहान नाही. शिवाय तांबे अजून वाढले तर?

खरेदी_खाते

अजून वाढण्याचा धोका खरा आहे, म्हणून बोलणी आजच सुरू करावीत. मात्र मागायचे काय, हे बदलावे. दर वाढवण्याचा प्रस्ताव आला की आमच्याकडे लेखापरीक्षकाचा पहिला प्रश्न असतो की फर्म दर असताना वाढ का दिली. त्यापेक्षा तांबे खरेदीदाराने स्वतः घेऊन आपल्याला द्यावे आणि आपण उरलेले काम करावे, असे सुचवा. मोठ्या कंपनीला तांब्याचा दर आपल्यापेक्षा चांगला मिळतो. नाहीतर तांब्याच्या रकमेइतकी आगाऊ रक्कम बँक गॅरंटीवर मागावी, म्हणजे उरलेल्या ७० पॅनेलांचे ४,२०० किलो तांबे आजच घेऊन टाकता येईल आणि निदान पुढची वाढ थांबेल. हे दोन्ही प्रस्ताव दरवाढीच्या मानाने लवकर मंजूर होतात. त्याबरोबर खर्चाचा उघडा तक्ता द्यावा लागेल, तांब्याच्या जुन्या बिलांसकट. पहिल्या ५० पॅनेलांचे तांबे स्वस्तात घेतले होते, हे तुम्ही इथे सांगितले तसे तिथेही स्वतःहून सांगितलेत तर उरलेल्या मागणीवर विश्वास बसतो.

कलमकारी

हे मान्य. फक्त खरेदीदाराने तांबे दिले तर ऑर्डरची किंमत कमी करून घ्यावी लागेल आणि जीएसटीची बाजूही बदलेल, तेव्हा ते लेखी दुरुस्तीनेच व्हावे. प्रकल्प अभियंत्याच्या ईमेलवर विसंबू नये. ऑर्डरवर ज्याची सही आहे त्याच्या, किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या सहीने दुरुस्ती निघाली पाहिजे.

मला एक वेगळाच प्रश्न विचारायचा आहे, कारण माझ्या अनुभवात उत्तर बऱ्याचदा भावात नसून तारखांत सापडते. ऑर्डरचे वेळापत्रक जसे ठरले तसेच चालले का? ड्रॉइंगला मंजुरी वेळेवर मिळाली का? तपासणीसाठी त्यांचा माणूस वेळेवर आला का?

सातपूर_पॅनेल

ड्रॉइंगची मंजुरी दोन महिने उशिरा आली. त्यांच्या सल्लागाराने दोनदा बदल सांगितले. त्यानंतर सगळे वेळापत्रक दोन महिने पुढे ढकलल्याची दुरुस्ती त्यांनी काढली आणि आम्ही ती स्वीकारली. त्यात शेवटी 'इतर सर्व अटी कायम' असे वाक्य आहे.

कलमकारी

हे आधी सांगायला हवे होते! मंजुरी वेळेवर आली असती तर आजपर्यंत ५० ऐवजी ७० पॅनेल गेले असते. म्हणजे आज बाकी असलेल्यांपैकी २० पॅनेल महागाईत सापडले ते खरेदीदाराच्या उशिरामुळे, असे मांडता येते. २० गुणिले १६,८०० म्हणजे ३,३६,००० रुपये. ही मागणी भाववाढीची नाही, त्यांच्या विलंबामुळे झालेल्या नुकसानीची आहे, आणि 'भाववाढ दिली जाणार नाही' हे वाक्य तिला जसेच्या तसे लागू पडत नाही.

अडचण करार कायद्याच्या कलम ५५ ची आहे. समोरच्याने वेळ पाळली नाही आणि आपण उशिराचे काम स्वीकारले, तर स्वीकारतानाच भरपाई मागण्याचा इरादा कळवावा लागतो. तो न कळवता स्वीकारल्यास नंतर मागता येत नाही. मंजुरी आली तेव्हा किंवा दुरुस्ती स्वीकारताना आपण 'दराबाबतचा हक्क राखून' असे काही लिहिले होते का, ते सगळी पत्रे आणि ईमेल काढून पाहावे. एखादी ओळ सापडली तर तुमची बाजू बरीच बदलते. न सापडल्यास 'इतर सर्व अटी कायम' हे वाक्य तुमच्याविरुद्ध जोरात वापरले जाईल.

खरेदी_खाते

माझ्या बाजूचा वकील याला सहज सोडणार नाही. मंजुरी वेळेवर आली असती तर त्या २० पॅनेलांचे तांबे जुन्याच दराने घेतले असते, हे आधी सिद्ध करा, असे तो म्हणेल. तांब्याची ऑर्डर आपण पॅनेल पाठवण्याच्या किती आधी देता, यावर ते ठरेल.

सातपूर_पॅनेल

साधारण सहा आठवडे आधी देतो. वाढ मुख्यतः गेल्या दोन महिन्यांत झाली. ईमेल आजच काढतो.

पुठ्ठा_इचलकरंजी

आमचे दुःख याहून वेगळे आहे. आम्ही पुठ्ठ्याची खोकी बनवतो आणि २०२०-२१ मध्ये क्राफ्ट कागदाचे भाव मिलवाले आठवड्या-आठवड्याला वाढवत होते. तांब्याचा भाव बाजारात रोज जाहीर होतो, क्राफ्ट कागदाला तसा सर्वांनी मानलेला आकडाच नाही. त्यामुळे खरेदीदार म्हणतो, तुमचा मिलवाला तुम्हाला लुबाडतो त्याला मी काय करू.

शेवटी एका ग्राहकाबरोबर आम्ही असे ठरवले की दर तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात तीन ठराविक मिलांचे लेखी दरपत्रक मागवायचे, त्यांची सरासरी काढायची आणि खोक्याच्या किमतीतला कागदाचा हिस्सा त्या प्रमाणात वर किंवा खाली न्यायचा. ग्राहकालाही त्याच मिलांकडून थेट दरपत्रक मागवण्याची मुभा ठेवली, त्यामुळे संशय मिटला. पुढे भाव उतरले तेव्हा मात्र आमच्याच गोदामात महागडा कागद पडून होता आणि कलमाप्रमाणे खोक्याचा दर खाली गेला. तेव्हा झोंबले, पण कलम दोन्ही बाजूंनी चालणारे नसते तर ग्राहकाने ते मुळात मान्यच केले नसते.

रॉटरडॅमकर

मी नेदरलँड्समध्ये पोलादाच्या खरेदीत काम करतो. इथे युरोपात याबाबत कायद्याची दृष्टी बरीच वेगळी आहे. जर्मन नागरी संहितेत कलम ३१३ आहे, फ्रान्सने २०१६ मध्ये आपल्या संहितेत कलम ११९५ आणले. करार करताना न दिसलेल्या बदलामुळे एका पक्षावर असह्य बोजा पडला तर फेरवाटाघाटी मागता येतात आणि त्या फसल्या तर न्यायालय करारात बदल करू शकते, असा दोन्हींचा गाभा आहे. २००९ मध्ये बेल्जियमच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक फ्रेंच विक्रेता आणि एक डच खरेदीदार यांचा खटला होता. पोलादाच्या नळ्यांचा पुरवठा ठरला होता आणि पोलाद सुमारे ७० टक्क्यांनी महागले होते. करारात भावफरकाचे कलम नव्हते, तरीही विक्रेत्याला फेरवाटाघाटी मागण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. भारतात असे काहीच नाही, हे वाचून आश्चर्य वाटले.

कलमकारी

त्या खटल्याला आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा संयुक्त राष्ट्रांचा करार लागू होता आणि भारत त्याचा सदस्य नाही. त्यामुळे तो निकाल नाशिकच्या दोन कंपन्यांमध्ये उपयोगी पडणार नाही. युरोपातल्या ग्राहकाला माल पाठवणाऱ्यांनी मात्र आपल्या करारावर कोणत्या देशाचा कायदा लिहिला आहे, हे सही करण्याआधी अवश्य पाहावे.

आपल्याकडे 'हार्डशिप' कलम, म्हणजे असह्य बोजा पडल्यास फेरवाटाघाटीची सोय, करारात घालता येते, पण ते नुसते 'दोन्ही पक्ष सद्भावनेने चर्चा करतील' असे असेल तर चर्चा फसल्यावर हाती काही उरत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या २०२० च्या नमुना कलमातही चर्चा फसल्यावर पुढे काय, यासाठी वेगवेगळे पर्याय दिलेले आहेत, ते याचमुळे. लवादाकडून दर ठरवून घ्यायचा असेल तर त्याला तसा अधिकार करारातच स्पष्ट शब्दांत द्यावा लागतो. नाहीतर लवाद कराराच्या शब्दांना बांधलेला असतो.

रोखठोक

म्हणजे हार्डशिप कलम घालूनही उपयोग नाही, असेच ना?

कलमकारी

उपयोग आहे, पण त्याची जागा दुसरी आहे. ज्या मालाचा भाव बाहेर कुठेतरी जाहीर होतो त्याच्यासाठी सूत्र ठेवावे, आणि सूत्रात न बसणाऱ्या उलथापालथीसाठी हार्डशिप ठेवावे. विद्युत उद्योगात आयईईएमए या उत्पादकांच्या संघटनेची भावफरक सूत्रे आणि तिची दरमहा निघणारी परिपत्रके वर्षानुवर्षे वापरात आहेत. सातपूरकरांना पुढच्या ऑर्डरसाठी त्याच धर्तीवर असे मांडता येईल:

```
P = P0 × (0.60 + 0.30 × Cu/Cu0 + 0.10 × St/St0)
```

P0 हा करारातला दर, Cu0 आणि St0 हे कोटेशनच्या महिन्यातले तांब्याचे आणि पत्र्याचे दर, Cu आणि St हे माल पाठवण्याच्या ठरलेल्या तारखेआधीच्या दुसऱ्या महिन्यातले दर, कारण तांबे सहा आठवडे आधी घ्यावे लागते. तांबे ४८,००० रुपयांचे, म्हणजे किमतीच्या ३० टक्के. हलत नाही असा ६० टक्के भाग स्विचगिअर, मजुरी आणि नफा यांचा. पत्रा जिथल्या तिथे राहिला आणि तांबे ३५ टक्के वाढले तर नवा दर १,७६,८०० येतो, म्हणजे बरोबर १६,८०० ची वाढ.

'ठरलेल्या तारखेआधीच्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुरवठादाराने स्वतः उशीर केला तर मुदतीनंतरच्या वाढीचा लाभ त्याला मिळू नये, ही अट खरेदीदार घालणारच आणि ती रास्त आहे.

खरेदी_खाते

सूत्रापेक्षा जास्त भांडणे आम्ही पाहतो ती किमान मर्यादेवर. 'तांब्यातील बदल ५ टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास फरक देय' असे लिहिले की दोन अर्थ निघतात. मर्यादा ओलांडल्यावर पूर्ण ३५ टक्क्यांचा फरक द्यायचा, की पहिले ५ टक्के पुरवठादाराचे आणि वरच्या ३० चाच द्यायचा? पहिल्या अर्थाने पॅनेलमागे १६,८०० आणि दुसऱ्या अर्थाने १४,४०० रुपये होतात. ७० पॅनेलांवर हा फरक १,६८,००० रुपयांचा आहे. कलमाखाली एक उदाहरण आकड्यांसह सोडवून ठेवले तर हा वाद उरत नाही.

रॉटरडॅमकर

बाजाराचा जाहीर दरच भरवशाचा राहिला नाही तर काय, हेही लिहावे. ८ मार्च २०२२ रोजी लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेलचा भाव टनाला १,००,००० डॉलरच्या वर गेला, व्यवहार थांबवले गेले आणि त्या दिवसाचे सौदे रद्द झाले. 'पाठवणीच्या दिवसाचा एलएमई दर' असे लिहिलेल्या करारांत नेमका कोणता आकडा धरायचा, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. महिन्याची सरासरी धरणारे त्या मानाने सुरक्षित राहिले. तरी त्या महिन्याच्या सरासरीत कोणते दिवस धरायचे, हा प्रश्न त्यांच्याकडेही शिल्लक होताच.

सातपूर_पॅनेल

ईमेल काढले. वेळापत्रकाची दुरुस्ती स्वीकारल्यानंतर नऊ दिवसांनी आमच्या हिशोबनिसाने त्यांच्या खरेदी विभागाला लिहिले होते की, 'मंजुरीच्या विलंबामुळे कच्च्या मालाच्या दरात फरक पडल्यास त्याचा विचार व्हावा.' त्यांचे उत्तर आले नाही. याला कलम ५५ ची सूचना म्हणता येईल का?

रोखठोक

नक्कीच म्हणता येईल. लेखी आहे आणि कारणही दिलेले आहे.

कलमकारी

मी इतक्या खात्रीने म्हणणार नाही. ईमेल स्वीकारल्यानंतरचा आहे आणि कायदा 'स्वीकारताना' असे म्हणतो. 'विचार व्हावा' ही विनंती आहे, भरपाई मागण्याचा इरादा त्यात स्पष्ट नाही, असा युक्तिवाद समोरून येईल. आपल्या बाजूने असे म्हणता येईल की त्यानंतर प्रत्येक पॅनेलची पाठवणी नव्या वेळापत्रकाने झाली आणि खरेदीदाराला या मागणीची कल्पना होती. लवादासमोर कोणते म्हणणे टिकेल, हे मला आज सांगता येणार नाही. पण बोलणीच्या टेबलावर हा ईमेल ठेवण्याजोगा निश्चित आहे.

तेव्हा एकाच पत्रात दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. विलंबामुळे अडकलेल्या २० पॅनेलांसाठी ३,३६,००० रुपयांची मागणी हक्क म्हणून करावी. उरलेल्या ५० पॅनेलांसाठी तांबे खरेदीदाराने द्यावे किंवा आगाऊ रक्कम द्यावी, ही विनंती म्हणून करावी. दोन्ही एकत्र करून सरसकट ११,७६,००० मागितलेत, तर हक्काची मागणीही विनंतीच्या पातळीवर येईल. आणि पत्र जाईपर्यंत व गेल्यावरही दरमहाचे १० पॅनेल चुकवू नयेत.

खरेदी_खाते

पत्राच्या शेवटी 'पुरवठा अखंड चालू राहील' असे एक वाक्य असू द्या. आमच्याकडे अशा पत्राची फाइल वर जाते तेव्हा वरिष्ठ आधी तेच वाक्य शोधतात.

सातपूर_पॅनेल

मसुदा करून परवा इथे टाकतो, कंपनीचे नाव काढून. दरम्यान एक शंका: विलंबाची भरपाई म्हणून त्यांनी रक्कम मान्य केली तर तिच्यावर आम्ही डेबिट नोट काढून जीएसटी लावायचा की ती भरपाई म्हणून करमुक्त धरायची? आमच्या सीएचे आणि त्यांच्या लेखा विभागाचे यावर आताच एकमत नाही.